घरच्या कंपनीत हिस्सा परस्पर घटवला गेला, तर कलम २४१ची याचिका कशी उभी करायची

घरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अल्पमतातल्या भागधारकाला बाजूला सारायचं असेल, तर त्याचे शेअर कुणी हिसकावून घेत नाही. त्याचे शेअर तसेच राहतात, पण भोवती नवे शेअर काढले जातात. त्यामुळे टक्केवारी घटते आणि घटलीय हे कळतं ते वर्ष-दीड वर्षांनी, बँकेच्या किंवा आयकराच्या एखाद्या कागदावरून. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४१ आणि २४२ खालची दडपशाही व गैरव्यवस्थापनाची याचिका याच दुखण्यावर सगळ्यात जास्त वापरली जाते. म्हणून इथे हाच एक प्रकार शेवटापर्यंत पाहू.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका घराची फाउंड्री आहे. भांडवल दहा लाखांचं, म्हणजे दहा रुपयांचे एक लाख शेअर. थोरल्या भावाकडे ४० हजार, त्याच्या बायकोकडे १५ हजार, मुलाकडे २० हजार. धाकटा भाऊ वारला आणि त्याचे २५ हजार शेअर रीतसर त्याच्या बायकोच्या नावावर चढले. तिला संचालकही केलं. पुढे दीरांनी कंपनीचं अधिकृत भांडवल, म्हणजे शेअर काढण्याची कमाल मर्यादा, दहा लाखांवरून पन्नास लाखांवर नेलं, दोन लाख नवे शेअर दर्शनी किमतीला, म्हणजे दहा रुपयांना काढले आणि ते सगळे स्वतःच्या व मुलाच्या नावे वाटून घेतले. धाकट्या सुनेचा हिस्सा २५ टक्क्यांवरून ८.३३ टक्क्यांवर आला.

टक्क्यांपेक्षा रुपयांचा हिशेब जास्त बोलका असतो. समजा, वाटपाआधी कंपनीची निव्वळ मालमत्ता सहा कोटींची होती. एका शेअरमागे ६०० रुपये, म्हणजे तिच्या वाट्याला दीड कोटी. वाटपात वीस लाख आले, मालमत्ता झाली ६ कोटी २० लाख आणि शेअर झाले तीन लाख. आता एका शेअरमागे साधारण २०७ रुपये आणि तिचा वाटा सुमारे ५१ लाख ६७ हजार. वीस लाख भरून दुसऱ्या बाजूने तिच्याकडचे ९८ लाखांहून जास्त स्वतःकडे वळवले. हा चार ओळींचा तक्ता याचिकेच्या पहिल्या काही पानांत हवाच. माझ्या मते निम्मं काम तोच करतो.

आधी कागद, मग पत्र

वकिलाकडे जाण्यापूर्वी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरून कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं काढा. थोडं शुल्क भरलं की ती कुणालाही पाहता आणि उतरवून घेता येतात. आपल्याला मुख्यतः पाच फॉर्म हवेत. एसएच-७ मध्ये अधिकृत भांडवल कधी आणि कुठल्या सभेत वाढवलं ते दिसतं. पीएएस-३ मध्ये नवे शेअर कुणाला, किती, कुठल्या तारखेला दिले ते दिसतं आणि सोबत वाटपाचा ठराव असतो. एमजीटी-७ हे वार्षिक विवरण, एओसी-४ सोबत ताळेबंद आणि डीआयआर-१२ मध्ये संचालकांची ये-जा.

हे फॉर्म नुसते उतरवून ठेवू नका, तारखांची वही करा. एका रकान्यात घटना घडल्याची तारीख आणि शेजारी तो फॉर्म पोर्टलवर चढल्याची तारीख. मागची तारीख टाकून केलेले ठराव इथेच उघडे पडतात. वाटप फेब्रुवारीतलं म्हणायचं, पण पीएएस-३ भरला डिसेंबरमध्ये आणि मधल्या ३१ मार्चअखेरच्या वार्षिक विवरणात जुनाच हिस्सा दाखवलेला, असं दिसलं की फेब्रुवारीची सभा झाली होती का, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

मग ताळेबंदाकडे वळा. नव्या शेअरचे वीस लाख खरोखर बँकेत आले, की दीरांच्या नावावरचं असुरक्षित कर्ज कागदोपत्री शेअरमध्ये फिरवलं? कंपनीला त्या वेळी पैशाची गरज होती का? मुदतठेवी पडून असताना वीस लाखांसाठी भांडवल वाढवलं असेल, तर हेतूबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

त्यानंतर कंपनीला पत्र. भागधारक म्हणून कलम ९४ खाली सभासद नोंदवही आणि वार्षिक विवरणं, कलम ११९ खाली सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं पाहण्याचा आणि प्रती मागण्याचा हक्क आहे. संचालक असाल तर कलम १२८ खाली हिशेबाच्या वह्याही पाहता येतात. पत्रात भांडण नको. अमुक तारखेच्या सभेची सूचना, ती पाठवल्याचा पुरावा आणि नव्या शेअरचं देकारपत्र, म्हणजे ते तुम्हालाही देऊ केल्याचं पत्र, एवढंच मागा आणि स्पीड पोस्टने व ईमेलने, दोन्हीकडून पाठवा. उत्तर आलं तर कागद मिळतात आणि नाही आलं तर तो नकार याचिकेला जोडता येतो. या काळात घरातलं कुणी ‘जरा इथे सही कर, ऑडिटरला द्यायचंय’ म्हणून कागद पुढे केला, तर सही करू नका. जुन्या तारखेचं संमतिपत्र किंवा हजेरीपट यावर केलेली एक सही पुढे वर्षभर निस्तरावी लागते.

सूचना कुठे गेली, हे शोधा

जुन्या भागधारकांना हक्काचे शेअर देऊ करायचे असतील तर कलम ६२ प्रमाणे प्रत्येकाला देकारपत्र जावं लागतं. ते नोंदणीकृत टपाल, स्पीड पोस्ट, कुरिअर किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने, पोचल्याचा पुरावा राहील असं पाठवायचं असतं आणि स्वीकारायला ठरावीक मुदत द्यावी लागते. अधिकृत भांडवल वाढवायला सर्वसाधारण सभा लागते आणि तिची सूचना कलम १०१ प्रमाणे पूर्ण २१ दिवस आधी. आपल्या उदाहरणात म्हणजे सुनेकडे दोन कागद यायला हवे होते, एक सभेचा आणि एक शेअरचा.

अशा प्रकरणात कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं, ‘पाठवलं होतं, त्यांनीच घेतलं नाही.’ तेव्हा पाठवलं कुठे, हे बारकाईने बघा. आपल्या उदाहरणात ईमेल पाठवल्याचा पुरावा कंपनी देते, पण तो ईमेल गेलाय वारलेल्या नवऱ्याच्या जुन्या पत्त्यावर. त्याच पत्त्यावर संचालक मंडळाच्या सभांच्या सूचना गेल्या आणि बारा महिने एकाही सभेला आली नाही म्हणून कलम १६७ खाली तिचं संचालकपद रिकामं झाल्याचा डीआयआर-१२ भरला गेला. नवरा वारल्याची नोंद कंपनीच्याच इतिवृत्तात आहे. हे तीन कागद एकामागोमाग लावले की युक्तिवाद फारसा उरत नाही.

टपालाने पाठवलं असेल तर पाकीट जपून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या नीडल इंडस्ट्रीज खटल्यात देकारपत्रावर १४ एप्रिल १९७७ ही तारीख होती, पाकिटावरचा शिक्का २७ एप्रिलचा होता आणि पत्र हाती पडलं २ मेला, वाटपाच्या सभेच्याच दिवशी. त्या निकालाकडे आपण पुन्हा येऊच.

तुम्हाला याचिका करता येते का

इथे बरेच लोक उगाच माघार घेतात. ‘दहा टक्के नाहीत, म्हणजे संपलं’ असं त्यांना सांगितलेलं असतं. कलम २४४ मध्ये दोन स्वतंत्र कसोट्या आहेत आणि त्यातली एक पुरते. एक भांडवलाची, म्हणजे काढलेल्या भांडवलाचा किमान दहावा हिस्सा. दुसरी डोक्यांची, म्हणजे शंभर सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा भाग, यातलं जे कमी असेल ते. आपल्या फाउंड्रीत सभासद चारच आहेत. चाराचा दहावा भाग एकापेक्षा कमी, म्हणून सून एकटी पात्र ठरते, हिस्सा ८.३३ टक्के असला तरी. दहा किंवा त्याहून कमी सभासद असलेल्या कुठल्याही कंपनीत हेच गणित लागू होतं. शेअर संयुक्त नावावर असतील तर ते सगळे मिळून एक सभासद धरतात आणि शेअरवर मागितलेली रक्कम बाकी असू नये.

सभासद जास्त असतील तर आणखी एक आधार आहे. ज्या वाटपामुळे हिस्सा दहा टक्क्यांखाली गेला त्यालाच आव्हान असेल, तर वाटपाआधीचा हिस्सा धरावा असं म्हणता येतं आणि ते तसं स्पष्ट लिहावं. त्याशिवाय कलम २४४ मध्येच अट शिथिल करून मागण्याची सोय आहे, त्याचा वेगळा अर्ज याचिकेबरोबर द्यायचा. टाटा सन्सच्या वादात सायरस मिस्त्रींच्या घराण्याच्या कंपन्यांना याच सवलतीने दार उघडलं होतं.

खरी अडचण वेगळ्या ठिकाणी येते. नवऱ्याचे किंवा वडिलांचे शेअर तुमच्या नावावर चढलेच नसतील तर काय? वर्ल्डवाइड एजन्सीज खटल्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मृत सभासदाचे वारस, नोंदवहीत नाव नसलं तरी, अशी याचिका करू शकतात. पण २०२०च्या अरुणा ओस्वाल खटल्यात मुलाने वडिलांच्या शेअरमधला वारसाहिस्सा धरून याचिका केली होती, तो हिस्सा कुणाचा यावर दिवाणी दावा आधीच चालू होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका टिकू दिली नाही. तेव्हा वारसाहक्कच वादात असेल तर आधी तो दिवाणी न्यायालयात सोडवावा लागतो. वाद नसेल आणि कंपनी नुसतीच चालढकल करत असेल, तर नाव चढवण्याचा अर्ज आज करा, मगच पुढचं पाऊल टाका.

मुदतीचंही भान ठेवा. ही याचिका राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे चालते, त्याला मुदतीचा कायदा लागू आहे आणि साधारण तीन वर्षं धरून चालावं. चालू असलेल्या अन्यायाचा मुद्दा मांडता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

काय सिद्ध करायचं

कलम २४२ मध्ये दोन गोष्टी एकत्र लागतात. कंपनीचा कारभार सभासदाला जाचक किंवा कंपनीच्या हिताला बाधक रीतीने चालला आहे, ही पहिली. दुसरी अशी की परिस्थिती कंपनी न्याय्य कारणावरून गुंडाळण्याइतकी बिघडली आहे, पण गुंडाळली तर या सभासदाचंच अन्यायाने नुकसान होईल. अनेक याचिकांत हा दुसरा भाग एका वाक्यात उरकलेला असतो. त्याला दोन परिच्छेद द्या. कंपनी दोन भावांनी भागीदारीसारखी, परस्पर विश्वासावर उभी केली, दोघेही कारभारात होते, नफा पगाराच्या रूपाने दोघांत वाटला जायचा, तो विश्वास कसा मोडला, हे कागदांनिशी लिहा. मग फाउंड्री चालू आहे, ऑर्डरी आहेत, ती मोडीत काढली तर शेअरची किंमत मातीमोल होईल, हेही लिहा.

काय पुरेसं नाही, हेही ठाऊक हवं. लाभांश दिला नाही, पगार वाढवला नाही, धंद्याचा एखादा निर्णय फसला, एवढ्यावर याचिका उभी राहत नाही. टाटा सन्सच्या २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पदावरून दूर करणं हीच दडपशाही मानली नाही. कलिंगा ट्यूब्स खटल्यापासून, म्हणजे १९६५ पासून, न्यायालयं वागण्यात सचोटी आणि रास्तपणा नव्हता हे शोधतात. डेल अँड कॅरिंग्टन खटल्यात व्यवस्थापकीय संचालकाने कंपनीवर ताबा मिळवायला स्वतःच्याच नावे शेअर काढले होते आणि ते वाटप टिकलं नाही. आपलं प्रकरण या वळणाचं आहे.

गैरव्यवस्थापन हा वेगळा भाग ठेवा. आपल्या उदाहरणात कंपनीचं भंगार आणि काही माल पुतण्याच्या स्वतःच्या फर्मला बाजारभावापेक्षा कमी दराने जातो. हे दाखवायला दोन-तीन महिन्यांची बिलं आणि त्याच काळातले इतर खरेदीदारांचे दर पुरतात. तीस आरोपांची जंत्री केली तर हे दोन पक्के आरोप तिच्यात बुडून जातात. घरातली जुनी उणीदुणी, लग्नातले खर्च, आजारपणात कोण आलं नाही, यातलं काहीही याचिकेत नको.

काय मागायचं

मागण्या एकमेकींवर रचलेल्या असाव्यात, म्हणजे एक नाकारली तरी पुढची उभी राहते. आपल्या सुनेसाठी पहिली मागणी, अधिकृत भांडवल वाढवण्याचा ठराव आणि दोन लाख शेअरचं वाटप रद्द ठरवून सभासद नोंदवही दुरुस्त करावी आणि तिचा हिस्सा २५ टक्के धरावा. दुसरी, संचालकपद रिकामं झाल्याची नोंद रद्द करून तिला परत घ्यावं. तिसरी, पुतण्याच्या फर्मशी झालेल्या व्यवहारांचा स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून तपास आणि ज्याने अवाजवी फायदा घेतला त्याच्याकडून वसुली. कलम २४२ मध्ये अशा वसुलीची सोय आहे.

चौथी मागणी पर्यायी ठेवा. वाटप कुठल्याही कारणाने रद्द होऊ शकत नसेल, तर नुकसानाची भरपाई. इथे नीडल इंडस्ट्रीज कामी येतो. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेअर काढणं दडपशाही मानलं नाही, पण ज्यांना शंभर रुपयांना शेअर मिळाले त्यांनी तो फायदा खिशात घालू नये म्हणून बाजारभावातला नव्वद रुपयांचा फरक, एकूण ८,५४,५५० रुपये, समोरच्या बाजूला द्यायला लावला. दडपशाही सिद्ध झाली नाही तरी दुसऱ्या पक्षाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही.

पाचवी मागणी बाहेर पडण्याची, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर घरच्या कंपन्यांतले बरेच वाद शेवटी इथेच येऊन थांबतात. दुसऱ्या भागधारकांनी किंवा कंपनीने तिचे शेअर वाजवी किमतीला विकत घ्यावेत. हे मागताना तीन गोष्टी शब्दात लिहून घ्या. मूल्यांकन स्वतंत्र नोंदणीकृत मूल्यांककाने करावं. हिस्सा २५ टक्के धरून आणि अल्पमताचा हिस्सा म्हणून कुठलीही सूट न कापता करावं. आणि मूल्यांकनाची तारीख, बहुधा याचिका दाखल केल्याची, स्पष्ट ठरवावी. तारीख मोकळी सोडली तर खटला चालू असताना कंपनीचा धंदा दुसऱ्या फर्मकडे सरकतो आणि किंमत लागेपर्यंत आत काही उरत नाही.

दीरांना संचालकपदावरून काढण्याची मागणी विचार करून करा. न्यायाधिकरणाने काढलेला संचालक परवानगीशिवाय पाच वर्षं त्या कंपनीत परतू शकत नाही. फाउंड्री तेच चालवत असतील तर ही मागणी मान्य झाल्यावर तुमच्याच शेअरची किंमत घसरेल.

दाखल करणं आणि पहिली तारीख

याचिका कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय ज्या राज्यात आहे तिथल्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या खंडपीठाकडे जाते, महाराष्ट्रासाठी मुंबईला. तुम्ही पुण्यात राहा की दुबईत, फरक पडत नाही. दिवाणी न्यायालयाला अशा विषयात कलम ४३०ने मज्जाव आहे. याचिका एनसीएलटी-१ या नमुन्यात, सोबत पडताळणीचं प्रतिज्ञापत्र एनसीएलटी-६ मध्ये. कंपनीचे नियम ठरवणारी घटनापत्रकं, ताळेबंद, शेअर असल्याचा पुरावा आणि इतर सभासदांच्या वतीने करत असाल तर त्यांची सही असलेली संमतिपत्रं जोडायची. मराठी इतिवृत्तं किंवा पत्रं असतील तर इंग्रजी भाषांतर लागतं, ते आधीच करून ठेवा. घरच्या कंपनीत ही पानं अनपेक्षितपणे खूप निघतात. कंपनीलाही प्रतिवादी करायला विसरू नका.

अंतरिम अर्ज मात्र त्याच दिवशी जायला हवा. कलम २४२(४) खाली मागायचं एवढंच की शेअरची सध्याची रचना जशी आहे तशी राहावी, नवे शेअर काढू नयेत, जमीन-यंत्रसामग्री विकू किंवा गहाण ठेवू नये, आणि वह्या पाहू द्याव्यात. बँकेची मर्यादा किंवा कामगारांचे पगार थांबतील असं काही मागू नका. कंपनीचा रोजचा धंदा अडवणारा अर्ज पाहिला की खंडपीठ सावध होतं आणि साधा ‘जैसे थे’ आदेशही लांबतो.

समोरून तीन उत्तरं हमखास येतात. पहिलं पात्रतेचं, त्याची तयारी वर झालीच. दुसरं, घटनापत्रकात लवादाचं कलम आहे, तिकडे जा. मुंबई उच्च न्यायालयाने राकेश मल्होत्रा खटल्यात म्हटलंय की खऱ्या अर्थाने दडपशाहीची याचिका लवाद सोडवू शकत नाही. पण नुसता करारभंगाचा वाद दडपशाहीच्या वेषात आणलेला असेल तर हे संरक्षण मिळत नाही. तिसरं उत्तर सगळ्यात धोक्याचं असतं, ‘तिला माहीत होतं, ती गप्प बसली.’ म्हणून कळल्याची नेमकी तारीख, कुठल्या कागदावरून कळलं, आणि त्यानंतर किती दिवसांत पत्र पाठवलं, हे याचिकेच्या मूळ मजकुरातच असू द्या.

मध्ये तडजोड झाली तर संमतीच्या अटी न्यायाधिकरणासमोर दाखल करून आदेशात उतरवून घ्या. घरी बसून केलेला कागद आणि मागे घेतलेली याचिका यावर विसंबू नका. मागे घ्यायलाही न्यायाधिकरणाची परवानगी लागते. विरुद्ध निकाल गेला तर अपील न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत जायचं, योग्य कारण दाखवलं तर आणखी ४५ दिवस मिळू शकतात. आणि निकाल बाजूने लागला तर त्याची प्रमाणित प्रत कंपनीने तीस दिवसांत कंपनी निबंधकाकडे भरायची असते. ती भरली का, आणि पुढच्या वार्षिक विवरणात तुमच्या नावापुढे २५ टक्के आले का, हे पोर्टलवर जाऊन स्वतः पाहा.